नागपंचमीच्या मेहंदीची कॅप्शन: जागा, नक्षी आणि घरी येण्याचा खर्च

«मी बेळगावात मेहंदी काढते. नागपंचमीच्या बुकिंगची कॅप्शन व्हॉट्सॲपवर टाकायची आहे. किती स्लॉट लिहू आणि घरी जाण्याचा चार्ज कसा सांगू, म्हणजे नंतर वाद होणार नाही?»

मी शहापूर, वडगाव आणि आसपासच्या गावांत काही वर्षे सणाची मेहंदी काढत आहे, आणि माझ्या अनुभवाने वादाचे मूळ बहुधा एकच असते: आपण जागा माणसांवर मोजतो, पण आपला वेळ मात्र नक्षीवर खर्च होतो. एका घराने माझ्याकडे चौघींचे बुकिंग केले होते. मी पोहोचले तेव्हा माहेरवाशिणी धरून ११ जणी बसल्या होत्या, आणि त्यांतल्या तिघींना भरीव नक्षी हवी होती. त्या रात्री पुढच्या दोन घरी मला जाताच आले नाही. तेव्हापासून मी २० मिनिटांची एक जागा धरते.

एका हाताच्या एका बाजूला अरेबिक काढायला मला तेवढाच वेळ लागतो. मनगटापासून बोटापर्यंतची साधी बेल १० मिनिटांत होते, म्हणून दोन्ही हातांच्या बेलीला मिळून एक जागा पुरते. मनगटापर्यंतची भरीव नक्षी दोन्ही हातांना, दोन्ही बाजूंनी काढायची तर पाच जागा लागतात. तुमचा हात वेगळा असेल, त्यामुळे हे आकडे उचलू नका. प्रत्येक प्रकार घड्याळ लावून तीन वेळा काढा आणि सर्वांत जास्त लागलेला वेळ धरा.

सकाळी ११ ते रात्री ८ हे नऊ तास होतात. त्यांतला एक तास जेवण आणि हाताला विश्रांती यांसाठी काढल्यावर २४ जागा उरतात, पण जाहीर मात्र २० च कराव्यात. श्रावणातल्या दमट हवेत मेहंदी लवकर सुकत नाही, ओढणीला लागून रेघ पसरते आणि ती दुरुस्त करण्यात वेळ जातो. राखलेल्या चार जागा त्यासाठीच असतात.

कॅप्शनमध्ये तृतीया आणि चतुर्थी असे दोन दिवस वेगळे लिहा. मेहंदी काढून टाकल्यावर आधी नारिंगी दिसते आणि साधारण एक-दोन दिवसांनी गडद होते, त्यामुळे तृतीयेला काढलेली मेहंदी पंचमीला पूर्ण रंगलेली असते. हे कारण एका ओळीत लिहिले, तर चतुर्थीची गर्दी आपोआप विभागली जाते. सणाच्या आदल्या संध्याकाळी कोणी झटपट काळा रंग देणारा कोन मागितला, तर मी स्पष्ट नकार देते. तशा काही कोनांत पीपीडी हे रसायन असते आणि त्याने त्वचेवर फोड येऊ शकतात.

आता घरी जाण्याच्या खर्चाविषयी. उचगावला स्कूटरने जाऊन येण्यात मला एक तास जातो, म्हणजे तीन जागा बुडतात. एका जागेचे मी १२० रुपये घेते, म्हणून ३६० रुपये आणि पेट्रोलचे सुमारे ६० असे ४२० रुपये होतात. केवळ पेट्रोलचा हिशेब करून ६० रुपये लिहिणे ही आपली सर्वांची नेहमीची चूक आहे. चतुर्थीला मी त्या अंतराचे ४०० रुपये घेते आणि किमान ६ जागांची अट घालते, म्हणजे जागेमागे ७० रुपयांहून कमी पडतात आणि शेजारणी मिळून ते आनंदाने देतात. तृतीयेला मागणी कमी असते, म्हणून २०० पुरतात. एका दिवशी अशी एकच खेप घ्यावी आणि ती ठरताच जाहीर जागा २० वरून १७ कराव्यात. खानापूर किंवा निपाणीचे बोलावणे चतुर्थीला स्वीकारू नये. त्यात निम्मा दिवस जातो.

माझी कॅप्शन अशी असते:

नागपंचमीची मेहंदी. तृतीया व चतुर्थी, सकाळी ११ ते रात्री ८. दर दिवशी २० जागा, एका जागेचे १२० रुपये. दोन्ही हातांना बेल, एक बाजू: १ जागा. अरेबिक, एक हात, एक बाजू: १ जागा. भरीव, मनगटापर्यंत, दोन्ही हात, दोन्ही बाजू: ५ जागा. गडद रंगासाठी तृतीया घ्यावी. घरी येण्यासाठी किमान ६ जागा. शहरात तृतीयेला १००, चतुर्थीला २०० रुपये. उचगाव परिसरात २०० आणि ४००. हा खर्च घरामागे एकदाच. निम्मी रक्कम आगाऊ दिल्यावर जागा पक्की. ऐनवेळी वाढलेले हात जागा शिल्लक असल्यासच.

याच मजकुराखाली तो कन्नडमध्येही द्या, कारण आपल्याकडे एकाच गल्लीत दोन्ही भाषांच्या बायका एकत्र बुकिंग करतात आणि अट एकीला कळून दुसरीला न कळल्यास दारातच वाद होतो. शिल्लक जागांचा आकडा रोज रात्री बदला.