व्ह्यूमॉडेल: ट्रेसर नळीतून निघत नाही, झोका १४४ एफपीएसला गायब

प्रश्न: जगाचा एफओव्ही ९०, हातांच्या वेगळ्या कॅमेऱ्याचा ५४. ट्रेसर नळीच्या टोकाऐवजी स्क्रीनच्या मध्याकडून निघतो. शिवाय माउस फिरवल्यावर बंदुकीचा झोका माझ्याकडे (६० एफपीएस) छान, मित्राकडे (१४४) जवळजवळ नाहीच. काय चुकतंय?

उत्तर:

ट्रेसरमध्ये बग नाही, तो तुम्ही सांगितलेल्या जागेवरूनच निघतोय. पण नळी ५४ च्या कॅमेऱ्यातून दिसते आणि ट्रेसर ९० च्या. समजा नळीचं टोक कॅमेऱ्यापासून ०.६ मी. पुढे आणि ०.२ मी. उजवीकडे आहे. हातांच्या कॅमेऱ्यात ते मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या ६५ टक्क्यांवर दिसतं, जगाच्या कॅमेऱ्यात तोच बिंदू ३३ टक्क्यांवर येतो. म्हणून ट्रेसर सोडण्याआधी तो बिंदू कॅमेऱ्याच्या स्थानिक अक्षांत आणा, बाजूला ताणा आणि मग जगात न्या:

```
k = tan(worldFov/2) / tan(vmFov/2)
p.x *= k
p.y *= k   // खोली (z) तशीच
```

तुमच्या आकड्यांत k सुमारे १.९६ येतो, म्हणजे ०.२ चे ०.३९ मी. होतात. दोन्ही एफओव्ही एकाच अक्षाचे हवेत. युनिटीत तो उभा असतो, अनरियलमध्ये आडवा. एक उभा, एक आडवा घेतलात तर ट्रेसर पुन्हा हुकणार. आणि ही ताणलेली जागा फक्त दिसण्यापुरती. भिंतीला खेटून उभं राहिलं की ती भिंतीच्या आत जाऊ शकते, त्यामुळे गोळीचा रे नेहमी कॅमेऱ्यातूनच टाका.

आता झोका. तुम्ही बहुधा माउसचा डेल्टा थेट लक्ष्य म्हणून देताय. सेकंदाला १८० अंश वळताना ६० एफपीएसला एका फ्रेमचा डेल्टा ३ अंश असतो, १४४ ला फक्त १.२५. मित्राची बंदूक कमी झुलते ती याचमुळे. डेल्टाला dt ने गुणून हे सुटत नाही, उलट फरक वाढतो (मी एकदा हेच करून अख्खी संध्याकाळ घालवली आहे). भागायचं असतं, म्हणजे वळण्याचा वेग मिळतो:

```
speed  = delta / dt
target = clamp(-speed * 0.02, -4, 4)
sway   = lerp(sway, target, 1 - exp(-10*dt))
```

lerp मध्ये 0.1 सारखा ठरावीक आकडा ठेवलात तर १४४ ला बंदूक लवकर जागेवर येते. Exp ने तोही फरक जातो. खात्री करायची तर माउस बाजूला ठेवा, कोडमधून ठरावीक वेगाने वळवा आणि एफपीएस ३० व १४४ ला बांधून sway छापा. १८० च्या वेगाला दोन्हीकडे ते -3.6 वर स्थिरावलं पाहिजे.

पुढे कॅमेरा बॉब लावाल तेव्हा हात स्क्रीनला चिकटल्यासारखे वाटतील, कारण ते कॅमेऱ्याबरोबरच हलतात. हातांना त्याच फेजचा, थोडा मागे रेंगाळणारा वेगळा बॉब द्या. फेज वेळेवर नाही, चाललेल्या अंतरावर वाढवा. दोन पावलांत आडवी हालचाल एकदा, उभी दोनदा. रे मात्र बॉब लागण्याआधीच्या कॅमेऱ्यातून घ्या आणि बॉबने कॅमेरा फिरवू नका, नुसता सरकवा. फिरवलात तर पळताना क्रॉसहेअर एकीकडे आणि गोळी दुसरीकडे जाईल.