सर्टिफिकेटवर ‘डिप्रेशन’ लिहायचं की ‘ताप’?

“मॅडम, दोन महिने डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. हजेरी ७५ टक्के लागते, माझी ५२ भरलीय आणि परीक्षा तोंडावर आलीय. सर्टिफिकेटवर आजाराचं नाव आलं तर कायमचा शिक्का बसेल. घरचे म्हणतात, ओळखीच्या डॉक्टरकडून टायफॉईडचं मागच्या तारखेचं घे. नाहीतर तुम्हीच पत्र द्याल का?”

टायफॉईडचं नको. खोटा दाखला देणारा डॉक्टर वैद्यकीय परिषदेच्या कारवाईत सापडू शकतो आणि पुढे खरं कारण सांगायची वेळ आली की तुझंच म्हणणं लंगडं पडतं. माझं पत्र सोबत जोडता येईल, पण मी समुपदेशक. वैद्यकीय दाखला नोंदणीकृत डॉक्टरचाच लागतो. तुझ्यावर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञच तो देतील.

गडहिंग्लजकडची, कोल्हापुरात होस्टेलवर राहून बी.एस्सी. करणारी एक मुलगी अशीच आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तिच्याकडे दाखला होता, पण एका ओळीचा: ‘नैराश्याने आजारी, विश्रांतीची गरज.’ कॉलेजने तो परत केला. मला त्यात कॉलेजची फारशी चूक दिसली नाही. किती दिवस, कशातून सूट, काहीच कळत नव्हतं.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. सकाळी उठवतच नाही, गोळीची गुंगी अकरापर्यंत राहते, वाचलेलं पान डोक्यात टिकत नाही, असं सगळं तिने लिहून काढलं आणि डॉक्टरांपुढे ठेवलं. नवीन दाखल्यात उपचार सुरू झाल्याची तारीख आली. झोप आणि एकाग्रतेवर परिणाम झाल्याचं आलं. औषध नुकतंच बदललंय, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर लेखी परीक्षेला बसण्याची स्थिती नाही, सकाळच्या तासांना सूट द्यावी आणि अमुक तारखेला फेरतपासणी होईल, हेही आलं. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. आजाराचं नाव तिच्या सांगण्यावरून ‘वैद्यकीय कारण’ एवढंच ठेवलं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे ही माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नाव उघड करायचं की नाही हे तिने ठरवायचं. अर्थात लेटरहेडवर ‘मनोविकारतज्ज्ञ’ छापलेलं असतंच, म्हणून पाकीट बंद करून थेट प्राचार्यांच्या हाती दिलं. ऑफिसच्या टेबलावरून फिरू दिलं नाही.

दाखला म्हणजे शिफारस. मागणी विद्यार्थ्याच्या अर्जातूनच करावी लागते. तिने हजेरीसाठी एक आणि परीक्षेसाठी एक असे दोन वेगळे अर्ज दिले आणि दोन्हींच्या झेरॉक्सवर आवक शिक्का मारून घेतला. हा शिक्का पुढे कामी आला, कारण मध्येच क्लार्क बदलले आणि ‘अर्ज आलाच नाही’ असं ऐकावं लागलं.

हजेरीत सूट मिळाली, अंतर्गत चाचण्याही नंतर घेतल्या. विद्यापीठाचे पेपर मात्र तिच्या एकटीसाठी पुढे जाणार नव्हते. दोन तिने सोडले आणि पुढच्या सत्रात दिले. त्यामुळे दाखला हातात येताच परीक्षा विभागात आधी एवढं विचार: न दिलेला पेपर गुणपत्रिकेवर कसा दिसतो आणि फॉर्म पुन्हा कधी भरायचा?