दोन स्पीकरांच्या मधल्या रेषेवर शांत जागा कुठे सापडतात

*"दोन छोटे स्पीकर समोरासमोर, २.५ मीटर अंतरावर. दोन्ही एकाच अँप्लिफायरवर, एकाच फेजमध्ये. टोन ४२५ हर्ट्झ, ध्वनीचा वेग ३४० मीटर प्रति सेकंद धरायचा. दोघांना जोडणाऱ्या रेषेवर आवाज कुठे कुठे कमीत कमी असेल? आमच्यात तिघांची तीन उत्तरं आलीत, एक जण तर म्हणतो अगदी मधोमध. पायऱ्यांसकट सांगाल का? आम्ही सोलापूरचे, परीक्षा झाली की उन्हाळ्यात प्रत्यक्ष करूनही बघणार आहोत."*

आधी त्या मधोमधवाल्याचं बघू, कारण त्याची शंका अगदीच बिनबुडाची नाही. दोन्ही स्पीकर एका फेजमध्ये म्हणजे दोघांचे पडदे एकाच क्षणी पुढे येतात. समोरासमोर ठेवल्यामुळे डावा स्पीकर हवेला उजवीकडे ढकलतो आणि त्याच क्षणी उजवा डावीकडे. मधोमध हे दोन धक्के सारखे आणि उलटे, त्यामुळे तिथली हवा खरोखरच जागची हलत नाही. पण दोन्हीकडून दाबली गेल्यामुळे तिथला दाब मात्र दुप्पट वरखाली होतो. कान काय आणि मोबाईलचा माईक काय, दोघांनाही कळतो तो दाब. म्हणून विस्थापनाचा निस्पंद मधोमध आहे हे बरोबर, पण ऐकायला तीच जागा मोठ्या आवाजाची. आवाजाचा प्रश्न असेल तेव्हा दाबाच्या लहरींचीच बेरीज करायची, म्हणजे घोटाळा होत नाही.

आता गणित. तरंगलांबी λ = ३४० ÷ ४२५ = ०.८ मीटर, म्हणजे ८० सेंमी.

बहुतेक जण अंतर डाव्या स्पीकरपासून मोजायला घेतात. चालतं, पण मोजपट्टीचं शून्य मधोमध ठेवलं तर काम निम्मं होतं. मध्यापासून उजवीकडे y सेंमी सरकलात की डावा स्पीकर १२५ + y वर जातो आणि उजवा १२५ − y वर येतो. दोन अंतरांची वजाबाकी, म्हणजे पथांतर, २y. स्पीकर किती लांब ठेवलेत ते या वजाबाकीत उरतच नाही.

आवाज मारला जायला एका लहरीचा दाब चढत असताना दुसरीचा तेवढाच उतरायला हवा. स्पीकर एका फेजमध्ये आहेत, तेव्हा हा फरक फक्त पथांतरातून येणार. पथांतर अर्धी, दीड, अडीच तरंगलांबी असं हवं:

२y = ४०, १२०, २००, २८० … सेंमी
y = २०, ६०, १००, १४० … सेंमी

स्पीकर मध्यापासून १२५ सेंमीवर आहे, म्हणून १४० बाद. उरले २०, ६० आणि १००, दोन्ही बाजूंना. डाव्या स्पीकरपासून मोजलं तर २५, ६५, १०५, १४५, १८५ आणि २२५ सेंमी. सहा जागा, आणि शेजारच्या दोघींत ४० सेंमी, म्हणजे अर्धी तरंगलांबी.

तुमच्यातल्या कुणी मध्यापासून ४० आणि १२० असं लिहिलं असेल तर त्याने पथांतर y धरलंय, २y नाही. एक पाऊल सरकलं की एक स्पीकर पाऊलभर लांब जातो आणि दुसरा पाऊलभर जवळ येतो, फरक दोन पावलांचा पडतो. ताळा करायचा तर १०५ घ्या: दुसऱ्या स्पीकरपासून १४५, फरक ४०, अर्धी तरंगलांबी. जमलं.

परीक्षेपुरतं इथे संपलं. पण प्रत्यक्ष करणार असाल तर पुढचं वाचाच, कारण सहाच्या सहा जागा तुम्हाला सापडणार नाहीत.

वरच्या हिशेबात दोन्ही लहरी सारख्याच जोराच्या धरल्या आहेत. छोट्या स्पीकरच्या दाबाचा आयाम साधारण अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. मध्यापासून २० सेंमीवर अंतरं १०५ आणि १४५, जोर जवळपास सारखा. तिथे लहरी एकमेकींत मिळाल्या असत्या तर जो दाब झाला असता, त्याच्या ४० ÷ २५०, म्हणजे सुमारे सहावा हिस्सा उरतो. डेसिबलमध्ये सुमारे १६ ची घट, सहज कळते. ६० सेंमीवर अंतरं ६५ आणि १८५. तिथे १२० ÷ २५०, निम्म्याला थोडा कमी दाब उरतो, घट ६ डेसिबलच्या आसपास. शिवाय सगळ्यात कमी आवाजाची जागा सेंटीमीटरभर मध्याकडे सरकलेली मिळते, कारण स्पीकरकडे जाताना जवळची लहर झपाट्याने वाढत असते.

१०० सेंमीवर मात्र जवळचा स्पीकर २५ सेंमीवर आणि लांबचा २२५ वर. नऊपट जोराच्या लहरीतून एकपट वजा केली तर उरतंच आठपट. घट २ डेसिबलसुद्धा नाही. व्यस्त प्रमाणाचा हाच नियम धरून बिंदू-बिंदूला दाब काढला तर तिथे खड्डाच दिसत नाही: स्पीकरकडे जाताना आवाज वाढतच जातो, फक्त स्पीकरपासून ३५-४० सेंमीच्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. कागदावर सहा शांत जागा, माईकला चार. वहीत ही दोन टोकं 'सापडली नाहीत' असंच लिहा, ओढूनताणून आकडा बसवू नका.

वेग ३४० धरणं परीक्षेत ठीक. सोलापूरच्या मे महिन्यात हवा ४० अंशांवर असली की वेग ३३१ + ०.६ × ४० = ३५५ मीटर प्रति सेकंद होतो. तरंगलांबी ८३.५ सेंमी. जागा मध्यापासून सुमारे २१, ६३ आणि १०४ वर जातात. आतली जागा सेंटीमीटरभर हलते, बाहेरची चार. म्हणून तापमान आधी टिपून घ्या.

वर्गात किंवा घरात करू नका. भिंतीवरून आलेला आवाज हे खड्डे बुजवतो आणि नको तिथे नवे पाडतो. होम मैदानासारखी मोकळी जागा सकाळी शांत असताना गाठा. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत हे शोधू नका, गाण्यात शेकडो वारंवारता असतात आणि प्रत्येकीची शांत जागा वेगळी. स्पीकर स्टुलावर उंच ठेवा, जमीनही परावर्तन करतेच. रेषेवर डोकं घालून ऐकाल तर डोकंच एका स्पीकरला आडवं येईल, आणि दोन कानांत जेवढं अंतर आहे जवळपास तेवढ्यात मोठ्या आवाजापासून शांततेपर्यंतचा प्रवास होतो. मोबाईल काठीच्या टोकाला बांधून, डेसिबल दाखवणारं ॲप चालू ठेवून रेषेवरून सरकवा.

मोबाईल आधी मधोमध धरा. तिथे आवाज मोठा लागला तर फेज बरोबर. तिथेच आवाज पडला तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्यात. अँप्लिफायर बंद करून अदलाबदल करा. हीच अदलाबदल मुद्दाम करून घटही मोजता येते. मोबाईल मध्यापासून २० सेंमीवर पक्का ठेवा, आकडा लिहा, मग एकाच स्पीकरच्या तारा उलटवून पुन्हा लिहा. आता तिथे लहरी मिळतात आणि आकडा १६ डेसिबलने चढायला हवा. सात-आठच चढला तर आधी मोबाईल नेमक्या जागी आहे का आणि दोन्ही स्पीकरचा आवाज एकेकटा सारखा आहे का ते तपासा, मग जवळपास एखादी भिंत किंवा उभी गाडी आहे का ते बघा.