भूप, देशकार आणि माझं दुसरं पत्र

प्रश्न: एम. ए. संगीत झालंय. एका खाजगी संगीत अकादमीत शास्त्र शिकवण्यासाठी अर्ज करतेय. कव्हर लेटरमध्ये काय लिहू?

गुरूंची नावं पहिल्या परिच्छेदात नकोत. माझं पहिलं पत्र तसंच होतं: घराणं, तालीम, आणि शेवटी 'शास्त्राचीही आवड आहे'. ज्या अकादमीला ते पाठवलं, तिथल्या बाईंनी फोनवर सुनावलं, "गाणं शिकवायला माणसं आहेत हो. मुलं मध्यमा परीक्षेच्या लेखी पेपरात गुण घालवतात, त्याचं काय करणार ते लिहा."

मग मी एकाच प्रश्नावर पत्र लिहिलं. शिकवणीच्या एका मुलीनं तो मला विचारला होता: "सर, कल्याण आणि बिलावल थाटांत फरक फक्त मध्यमाचा, तीव्र की शुद्ध. भूपात मध्यमच नाही. मग भूप कल्याणाचा आणि तेच पाच स्वर असलेला देशकार बिलावलचा, असं का?" मी म्हणालो होतो, "पाठ कर." अजून लाज वाटते.

पत्रात लिहिलं की हा धडा मी फळ्यावर सुरू करणार नाही. आधी दोन्ही राग गाईन. भूप गंधारावर विसावतो, 'ग रे सा' करत खाली मंद्र धैवताला जाऊन येतो. देशकाराचा सगळा जीव वरच्या अंगात, धैवतावर. रिषभाला तो जेमतेम शिवतो. हे कानावर पडलं की वादी-संवादी मुलं स्वतःच सांगतात: भूपाचा वादी ग, संवादी ध, देशकाराचं नेमकं उलट. मग कल्याण थाटातल्याच यमनाचे आलाप मध्यम-निषाद टाळून गायचे. चाल भूपाच्या जवळ येते, तेव्हा थाट चलनावरून ठरवलाय हे पटतं. आणि समजलं का हे तपासायला वहीतला तक्ता बघायचा नाही. 'ग प ध, ध प' म्हणून धैवतावर रेंगाळायचं आणि राग विचारायचा. जो नुसतं "एक रात्रीचा, एक सकाळचा" एवढंच सांगतो, त्यानं घोकलंय.

एवढंच पत्र. डेमोला बोलावलं, आणि हाच धडा घ्यायला लावला. तेव्हा पत्रात जे लिहाल ते गाऊन दाखवता आलं पाहिजे.

माझा एक गुरुबंधू म्हणायचा, "गाता येत नाही तो शास्त्र शिकवतो." त्याच्या वर्गात शास्त्र म्हणजे रविवारी वह्या उतरवणं. स्वतः देशकार गाताना गंधारावर रेंगाळतो नि भूपात घसरतो, आणि का घसरतो हे त्याला सांगता येत नाही.

हां, अकादमी पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षांची असेल तर यातलं काही चालणार नाही. तिथे स्टाफ नोटेशनचाच एखादा धडा घ्या. आणि आठवड्याला तास किती, हे मात्र पत्रात नको, डेमोनंतर विचारा. मी विचारलं नव्हतं. पहिलं वर्षभर हार्मोनियमच्या साथीलाही मीच बसायचो.