मराठी-इंग्लिश मिक्स बोलणं आणि ऑटो ट्रान्सक्रिप्शन

प्रश्न: मराठीत बोलताना मधे इंग्लिश शब्द आले की ट्रान्सक्रिप्शन गंडतं, काय करू?

खरा घोळ प्रत्ययांचा असतो. ‘सर्व्हरवरचा बॅकअप’ यात सर्व्हर इंग्लिश, ‘वरचा’ मराठी, पण आपण एका दमात बोलतो आणि मॉडेलने असे जोड फार कमी ऐकलेले असतात, मग ते ‘सर्व वरचा’ असलं काहीतरी लिहून मोकळं होतं. OpenAI चं Whisper हे मॉडेल वापरत असाल तर भाषा ऑटोवर सोडूच नका, ते पहिल्या 30 सेकंदांवरून भाषा ठरवतं, सुरुवात इंग्लिशमधे झाली की पुढचं सगळं बिघडतं. त्यापेक्षा भाषा आणि एक नमुना प्रॉम्प्ट स्वतःच द्या:

```
language="mr"
initial_prompt="सर्व्हरवरचा बॅकअप डिलीट झाला."
```

प्रॉम्प्टमधे तुमच्या विषयातले नेहमीचे शब्द असेच प्रत्ययासकट, देवनागरीत, वाक्यात द्या. पण छोटाच ठेवा, देवनागरी टोकन, म्हणजे मॉडेल मजकुराचे करतं ते छोटे तुकडे, भराभर खाते आणि साधारण 224 टोकनच्या पुढे गेलात तर सुरुवातीचेच शब्द कापले जातात.