पगारपत्रकात ईएसआयसीची कपात जास्त झाली, पत्र कसं लिहू?

प्रश्न: नाशिकला अंबड एमआयडीसीत आहे. एकूण पगार 18,400, ओव्हरटाइम नाही. स्लिपवर ईएसआयसीचे 598 रुपये कापलेत. पेरोलला काय लिहू?

उत्तर: 598 ला 18,400 ने भागून बघा, बरोबर 3.25 टक्के येतात. हा मालकाचा हिस्सा आहे. तुमचा फक्त 0.75 टक्के. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापताच येत नाही, म्हणून संकोच न करता लिहा:

> मा. पगार विभाग,
> माझ्या जून महिन्याच्या पगारपत्रकात ईएसआयसीपोटी 598 रुपये कापले आहेत. ही रक्कम 3.25 टक्के दराची, म्हणजे मालकाच्या हिश्श्याची आहे.
> माझा हिस्सा: 18,400 × 0.75 ÷ 100 = 138 रुपये
> जादा कपात: 598 − 138 = 460 रुपये
> कृपया 460 रुपये पुढील पगारात जमा करून दुरुस्त पगारपत्रक द्यावे. प्रत सोबत जोडली आहे.
> आपला विश्वासू,
> (नाव, कर्मचारी क्रमांक)

महिना तुमच्या स्लिपप्रमाणे बदला. पत्र ईमेलने पाठवा. हातात दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आणि मागच्या स्लिपाही काढून बघा. चूक सॉफ्टवेअरमध्ये दर उलटे भरल्याची असेल, तर ती दर महिन्याला झालेली असते; मग प्रत्येक महिन्याचा फरक त्याच पत्रात मागा.