बाळ बारा दिवसांचं, पाजताना निपलला चीर पडतेय

"मी कोथरूडला माहेरी आहे. बाळ १२ दिवसांचं आहे. पाजायला घेतलं की डोळ्यात पाणी येतं, उजव्या निपलला चीर पडून काल रक्तही आलं. जन्माचं वजन २.९ किलो, तिसऱ्या दिवशी घरी येताना २.७, काल २.७८. आई म्हणते पहिला महिना सगळ्यांनाच दुखतं. निपल शील्ड आणू का?"

शील्ड म्हणजे निपलवर बसवायची पातळ सिलिकॉनची टोपी. ती आणण्याआधी एक बघा. बाळाने सोडल्या सोडल्या निपलचा आकार कसा दिसतो? गोल, नुसतं थोडं लांबट झालेलं असेल तर ठीक. पण नव्या लिपस्टिकसारखं एका बाजूने तिरकं किंवा चपटं झालेलं असेल, टोकावर पांढरी रेघ असेल, तर बाळ फक्त निपल चोखतंय. चीर बहुतेक वेळा तिथेच पडते.

कारण असं: बाळाच्या तोंडातला वरचा भाग पुढे कडक आणि मागे मऊ असतो. स्तनाचा मोठा घास तोंडात गेला तर निपल मागच्या मऊ भागापाशी पोचतं आणि तिथे त्याला काही घासत नाही. घास छोटा असेल तर निपल पुढेच राहतं आणि प्रत्येक चोखण्याला जीभ ते कडक भागावर दाबते. शिवाय स्तनावर नीट दाब येत नाही म्हणून दूधही कमी निघतं. पहिल्या आठवड्यात सुरुवातीचा अर्धा-एक मिनिट चुणचुणणं चालतं. पुढेही दुखत राहिलं, चीर पडली, तर महिनाभर सोसायचं ते दुखणं नव्हे.

आता उजवी बाजू घेऊ. बाळाला डाव्या हातावर घ्या. तळवा त्याच्या खांद्यांच्या मधोमध, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे, मानेपाशी. डोक्याच्या मागे हात नको. डोकं मागून ढकललं की हनुवटी छातीकडे झुकते, तोंड उघडतच नाही आणि बाळ उलट मान मागे ताणू लागतं. घरात मदतीला असलेली माणसं नेमकं हेच प्रेमाने करतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असेल तर पाजण्यापुरतं सोडा, म्हणजे बाळाचे हात स्तनाच्या दोन्ही बाजूंना जातील आणि पोट तुमच्या पोटाला चिकटेल. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवेत. मान वळवून कुणालाच नीट गिळता येत नाही.

गादीवर मांडी घालून, पुढे वाकून पाजत असाल तर बाळ खाली राहतं, तुमचा भार पाठीवर येतो आणि थोड्या वेळात बाळ घसरून निपलला लोंबकळतं. पाठ भिंतीला टेका, बाळ स्तनाच्या उंचीला येईल इतक्या उशा मांडीवर ठेवा.

मग स्तन उजव्या हाताने खालून यू आकारात धरा. अंगठा बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाच्या नाकाकडे, आणि बोटं आतल्या बाजूला, हनुवटीकडे, निपलपासून तीन-चार सेंटीमीटर मागे. दोन बोटांच्या कात्रीत स्तन धरायची पद्धत सोडा, बोटं काळसर भागावर येतात आणि बाळाला घास घ्यायला जागाच उरत नाही.

निपल बाळाच्या तोंडासमोर नाही, नाकासमोर ठेवा. वरच्या ओठाला हलकेच लावा आणि थांबा. जांभई दिल्यासारखा मोठा आ होईपर्यंत थांबायचं, अर्ध्या उघडलेल्या तोंडात घालायचं नाही. मोठा आ झाला की बाळाला खांद्यांतून तुमच्याकडे आणा, हनुवटी आधी टेकवा, निपल वरच्या ओठाखालून आत जाऊ द्या. बाळ स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे नाही.

बरोबर लागलं तर हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळसर भाग वरच्या ओठाकडे जास्त, खालच्याकडे कमी दिसतो. गाल भरलेले राहतात, खड्डे पडत नाहीत. थोड्या वेळाने सावकाश, खोल चोखणं आणि मधून गिळण्याचा हलका आवाज येतो. मिनिटभरानंतरही टोचत असेल तर ओढून काढू नका. करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये घाला, हवा शिरली की बाळ सोडतं. मग पुन्हा लावा. एका वेळी तीन-चार प्रयत्न लागणं सुरुवातीला अगदी नेहमीचं आहे.

दूध भरून स्तन दगडासारखा झाला असेल तर कितीही नीट धरा, बाळाचं तोंड त्यावरून घसरतं. अशा वेळी निपलच्या बुडाभोवती बोटांची टोकं ठेवून छातीच्या दिशेने साधारण एक मिनिट दाबून धरा, काळसर भाग मऊ पडतो. थोडं दूध हाताने काढलंत तरी चालेल.

चिरेसाठी: पाजून झाल्यावर स्वतःच्या दुधाचे थेंब लावून सुकू द्या, वर शुद्ध लॅनोलिनचा पातळ थर. रोज अंघोळीचं साधं पाणी पुरे, साबण चोळू नका. तूप-हळदीचा लेप नको, तो प्रत्येक वेळी पुसावा लागतो आणि पुसण्यानेच जखम पुन्हा उघडते. कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा. उजवीकडे लावणं असह्यच असेल तर एक दिवस दर दोन-तीन तासांनी तिथलं दूध हाताने काढून स्वच्छ वाटी-चमच्याने पाजा. बाजू नुसती बंद ठेवली तर दूध साठतं आणि कमी बनू लागतं.

आता वजन, कारण मला चिरेपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. २.९ वरून २.७ म्हणजे सुमारे ७ टक्के घट, ती चालते. पण नंतरच्या आठ दिवसांत ८० ग्रॅम म्हणजे दिवसाला जेमतेम १० ग्रॅम. या वयात रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम अपेक्षित असतात आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत यायला हवं. म्हणजे बाळाला दूध कमी मिळतंय, म्हणून बालरोगतज्ज्ञांना आज-उद्याच दाखवा. तोवर दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा, चोखणं मंदावलं की स्तन हलका दाबा, आणि प्रत्येक वेळेनंतर पाच-दहा मिनिटं दूध काढून निघेल तेवढं वाटी-चमच्याने द्या. तीन दिवसांनी त्याच काट्यावर, उघड्या अंगाने वजन करा. ७५ ग्रॅमच्या आसपास वाढ दिसली तर बाळाला पुरेसं दूध मिळू लागलं असं धरा. शू दिवसाला सहापेक्षा कमी वेळा होत असेल, शी अजून काळपट असेल किंवा बाळ पाजायलाही उठत नसेल तर तीन दिवस थांबू नका, त्याच दिवशी जा.

शील्डने घास मोठा होत नाही. बाळ शील्डचंच टोक चोखत राहिलं तर दूध आणखी कमी निघतं, आणि तुमच्या बाळाचं वजन आधीच मागे आहे. अगदी चपट्या निपलला किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते कधी कामाला येतं, पण तेव्हाही स्तनपान सल्लागाराच्या देखरेखीखाली आणि वजनावर लक्ष ठेवून. तुमची प्रसूती झाली त्या रुग्णालयात अशी सल्लागार आहे का विचारा, आणि बाळ भुकेच्या वेळी घेऊन जा, म्हणजे तिला प्रत्यक्ष लावताना बघता येईल.

लावणं बरोबर दिसतंय आणि तरी दुखतंय, तर तीन गोष्टी तपासून घ्या. रडताना बाळाची जीभ खालच्या हिरडीच्या पुढे येत नसेल, टोक पत्त्यांतल्या बदामासारखं दुभंगलेलं दिसत असेल, चोखताना टक-टक आवाज येत असेल, तर जिभेखालचा पडदा आखूड आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. पाजून झाल्यावर निपल पांढरंफटक होऊन मग निळसर-लाल होत असेल आणि तेव्हाच कळ येत असेल, तर रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. लगेच झाकून ऊब द्या आणि डॉक्टरांना सांगा. बाळाच्या तोंडात न पुसली जाणारी पांढरी बुरशी आणि तुम्हाला आग होत असेल तर दोघांवर एकदम उपचार लागतात. आणि स्तनावर लाल, गरम, दुखरा पट्टा उठून ताप-थंडी आली तर डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा. त्या बाजूने पाजणं मात्र थांबवू नका.